पहिले भाड्याचे घर : बाटल्या कमी, हिशेब चोख

प्रतिनिधी

शिक्षण वा नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईत आलेले मित्र एकत्र येऊन भाड्याचे घर घेतात. गाद्या, गॅसची शेगडी आणि अनामत रकमेची जुळवाजुळव होते. स्वच्छतेच्या सामानाचा विचार मात्र राहायला आल्यावर, रात्री आठ वाजता, कोपऱ्यावरच्या दुकानासमोर उभे राहून केला जातो. मग फरशीची वेगळी बाटली, काचेची वेगळी, ओट्याची वेगळी, शिवाय सुगंधी फवारा असे सामान येते. केर भरायला सुपली आणि न्हाणीघर घासायला ब्रश मात्र राहून जातो. दुसरीकडे, जी वस्तू प्रत्येकाची स्वतंत्र असायला हवी तीच काटकसरीच्या नावाखाली एकत्र वापरली जाते.

प्रत्यक्षात तीन-चार जणांच्या घराला पाच-सहा रसायने आणि डझनभर साधी साधने पुरतात. त्यांची निवड दुकानातील फळी पाहून न करता घरातील पाणी आणि दगड पाहून करावी लागते. सोयीसाठी एक उदाहरण घेऊ. तिघे मित्र पुण्याच्या धनकवडी परिसरातील एका जुन्या इमारतीत राहायला येतात. सकाळी महापालिकेचे पाणी, उरलेला दिवस बोअरचे. फरशी मोझेकची, स्वयंपाकाचा ओटा कडप्प्याचा, कपडे हाताने धुवायचे. खालील यादी आणि हिशेब या घराचा आहे. आपल्या घरानुसार त्यात फेरफार करता येईल.

आधी पाणी आणि दगड तपासावा

पुण्यात महापालिकेचे धरणाचे पाणी तुलनेने मृदू असते. बोअर आणि टँकरचे पाणी बहुधा जड, म्हणजे कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अधिक असलेले असते. ओळखण्याची रीत सोपी आहे. काचेच्या पारदर्शक बाटलीत अर्धी बाटली पाणी घेऊन त्यात अंगाच्या साबणाचा नखाएवढा कीस टाकावा व बाटली जोरात हलवावी. भरपूर फेस टिकला आणि खालचे पाणी स्वच्छ राहिले, तर पाणी मृदू समजावे. फेस बसला आणि पाण्यात पांढरट साका तरंगू लागला, तर पाणी जड आहे. ही चाचणी कपड्यांच्या पावडरीने करू नये, कारण ती जड पाण्यातही फेस देते.

जड पाण्याच्या घरात साबण आणि पावडर अधिक खर्च होते, नळांवर व बादल्यांवर पांढरे पापुद्रे चढतात आणि कपडे राठ होतात. अशा घराने यादीत धुण्याचा सोडा आणि लिंबूसत्व या दोन स्वस्त वस्तू घालाव्यात. मृदू पाण्याच्या घराला त्यांची फारशी गरज पडत नाही.

दगडाची तपासणी त्याहून महत्त्वाची आहे. कडप्पा, शहाबादी, कोटा आणि संगमरवर हे सारे चुन्याच्या कुळातील दगड आहेत. मोझेकच्या फरशीतही संगमरवराची खडी असते. आम्ल पडले की हे दगड झिजतात. काळ्या कडप्प्यावर राखाडी डाग उमटतो, संगमरवराची झिलई जाते आणि तो भाग पुढे अधिकच मळ धरतो. हा डाग घासून निघत नाही, कारण तो मळ नसून दगडाची झालेली झीज असते. घर सोडताना अनामत रकमेतून कापल्या जाणाऱ्या पैशांचे हे एक कारण ठरू शकते. ओटा कोणत्या दगडाचा हे ठाऊक नसेल तर सिंकमागच्या, नजरेआड कोपऱ्यावर लिंबाच्या रसाचा एक थेंब टाकून दोन मिनिटे पाहावे. बुडबुडे आले किंवा जागा फिकी पडली, तर दगड चुन्याचा. ग्रॅनाइट आणि व्हिट्रिफाइड फरशीवर असे होत नाही.

चार प्रकारचा मळ

घरातील मळ स्थूलमानाने चार प्रकारचा असतो आणि प्रत्येकाचा उतारा वेगळा असतो. हे ध्यानात आले की यादी आपोआप आखडते.

पहिला म्हणजे सुटी धूळ आणि केर. यावर कोणतेही रसायन चालत नाही, झाडूच लागतो. केर न काढता ओले फडके फिरवले तर धुळीचा चिखल होऊन फरशीच्या सांध्यांत बसतो.

दुसरा तेलकट मळ : भांडी, ओटा, शेगडीमागची भिंत, कपड्यांच्या कॉलर. याला साबण किंवा डिटर्जंट हवे. भांड्यांची वडी भांड्यांना चालते तशी ओट्यालाही चालते. ओट्यासाठी निराळ्या फवाऱ्याची आवश्यकता नाही. जड पाण्यात कपडे भिजवण्यापूर्वी बादलीत एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवून दहा मिनिटे थांबावे आणि मग पावडर टाकावी. क्षार आधीच बांधले गेल्याने पावडर कमी लागते. मात्र हा सोडा रेशमी व लोकरी कपड्यांना लावू नये आणि ॲल्युमिनियमच्या कुकरला तर मुळीच नाही, कारण त्याने कुकरचा धातू झिजून काळा पडतो. आतून काळा पडलेला कुकर पाण्यात लिंबाच्या साली उकळल्यास पुन्हा उजळतो. धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दोन्ही घरात असतील तर डब्यांवर ठळक अक्षरांत नावे लिहावीत.

तिसरा प्रकार क्षारांच्या थराचा : नळ, शॉवरची चाळणी, बादलीचा काठ, शौचालयाचे भांडे. येथे साबण निष्फळ ठरतो, आम्ल लागते. नळासाठी पेलाभर पाण्यात एक मोठा चमचा लिंबूसत्व विरघळवून त्यात भिजवलेले फडके नळाभोवती पंधरा मिनिटे गुंडाळावे आणि नंतर भरपूर पाण्याने धुवावे. शौचालयाच्या भांड्यासाठी टॉयलेट क्लीनर आणावा. बाजारातील बहुतेक निळ्या द्रवांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते. तो भांड्याच्या कडेखाली लावून वीस मिनिटे ठेवला तर ब्रशला कमी श्रम पडतात. लावल्या लावल्या पाणी ओतणे म्हणजे पैसे वाहून घालवणे होय. हा द्रव मोझेकच्या फरशीवर सांडू देऊ नये. सांडलाच तर लगेच भरपूर पाणी ओतावे.

चौथा प्रकार बुरशी आणि जंतूंचा : न्हाणीघराच्या कोपऱ्यातील काळपटपणा, मोरीचे तोंड, कचऱ्याचा डबा. यासाठी सर्वांत स्वस्त वस्तू म्हणजे ब्लीचिंग पावडर. एक लिटर पाण्यात एक सपाट चहाचा चमचा पावडर कालवून, गाळ खाली बसू देऊन, वरचे पाणी काळ्या जागी लावावे. दहा मिनिटांनी ब्रशने घासून धुवावे. हातात रबरी मोजे असावेत, खिडकी उघडी असावी आणि अंगावर जुने कपडे असावेत, कारण ब्लीचने कपड्याचा रंग जातो. ओलसर हवेत ही पावडर नासते, म्हणून पुडी फोडल्यावर ती घट्ट झाकणाच्या कोरड्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवावी. क्लोरीनचा वास येईनासा झाला की तिचा जोर गेला असे समजावे.

फिनेल या चौकडीत कोठे बसते? ते फरशी पुसण्याच्या पाण्यात झाकणभर घातल्यास दुर्गंधी व जंतू कमी करते. तेलकटपणा किंवा क्षार काढणे हे त्याचे काम नव्हे. वास दरवळला म्हणजे घर स्वच्छ झाले, ही समजूत चुकीची आहे. फिनेल नेहमी कंपनीच्या बंद बाटलीतूनच घ्यावे. दारावर पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या जुन्या बाटल्यांत सुटे मिळणारे फिनेल स्वस्त असले, तरी अंधारात ती बाटली पाण्याची समजून कोणी तोंडाला लावण्याचा धोका असतो. सुट्या ॲसिडच्या खुल्या विक्रीवर तर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निर्बंध घातले आहेत. भाड्याच्या घरात त्याचे कामही नाही.

दोन बाटल्या एकत्र येऊ नयेत

या यादीतील एकच जोडी खरोखर घातक आहे : ब्लीच आणि आम्ल. शौचालय अधिक लख्ख व्हावे म्हणून टॉयलेट क्लीनरवर ब्लीचिंग पावडर भुरभुरण्याचा मोह अनेकांना होतो. त्या दोहोंच्या संयोगातून क्लोरीन वायू बाहेर पडतो. बंद, लहान न्हाणीघरात तो डोळे, घसा आणि फुप्फुसे जाळतो. लिंबूसत्व किंवा व्हिनेगर ब्लीचमध्ये मिसळले तरी हाच प्रकार घडतो. अमोनिया असलेल्या काच पुसण्याच्या द्रवाबरोबरही ब्लीचमधून घातक वायू निघतो.

तिघांच्या घरात हा धोका अधिक असतो, कारण सकाळी एकाने क्लीनर लावून ठेवलेला असतो आणि दुसऱ्याला त्याची कल्पना नसते. यावर सोपा नियम असा : आम्लाचा दिवस आणि ब्लीचचा दिवस वेगळा ठेवावा. आपल्या उदाहरणातील घराने शनिवारी टॉयलेट क्लीनर आणि महिन्यातील दोन बुधवारी ब्लीच असे ठरवून तो कागद न्हाणीघराच्या दारावर चिकटवला, तर प्रश्नच उरत नाही. दोन्ही वस्तू वेगवेगळ्या जागी ठेवाव्यात.

चुकून मिश्रण झालेच तर जलतरण तलावासारखा तीव्र वास येतो, डोळे चुरचुरतात आणि खोकला सुटतो. अशा वेळी काही ओतण्याच्या किंवा पुसण्याच्या भरीस न पडता ताबडतोब बाहेर पडावे, बाहेरूनच दारे-खिडक्या उघडता आल्या तर उघडाव्यात आणि वास पूर्ण जाईपर्यंत आत जाऊ नये. श्वासाचा त्रास काही तासांनी वाढू शकतो. म्हणून खोकला वा छातीतील जळजळ थांबत नसल्यास डॉक्टरांकडे जाण्यात दिरंगाई करू नये.

सामाईक काय, स्वतःचे काय

झाडू, बादल्या, पावडर, फिनेल, हात धुण्याचा साबण यांचा खर्च वाटून घेण्यात काही गैर नाही. अंगाला लागणाऱ्या वस्तूंबाबत मात्र काटकसर महाग पडते.

टॉवेल, पंचा, अंतर्वस्त्रे आणि अंग घासण्याची जाळी प्रत्येकाची स्वतंत्रच हवी. गजकर्ण वा नायटा हा बुरशीचा संसर्ग ओलसर टॉवेल आणि कपड्यांवाटे घरातील एकाकडून दुसऱ्याकडे जातो. अलीकडच्या वर्षांत भारतात हा संसर्ग चिवट झाल्याचे त्वचारोगतज्ज्ञ सांगत आहेत. दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमांनी खाज तात्पुरती थांबते, पण चट्टा पसरतो. कडेला लालसर आणि मधे फिकट असा गोल चट्टा कोणाला दिसल्यास त्याचे कपडे वेगळ्या बादलीत धुवावेत, कडक उन्हात वाळवावेत आणि उपचार डॉक्टरांकडूनच घ्यावेत. प्रत्येकाला दोन टॉवेल असावेत, म्हणजे पावसाळ्यात एक वाळेपर्यंत दुसऱ्याचा उचलण्याची वेळ येत नाही.

दाढीचे रेझर व दात घासण्याचा ब्रश यांवर रक्ताचा अंश राहू शकतो आणि त्यातून हिपॅटायटिस बी सारखा आजार पसरू शकतो. त्यामुळे ‘एक दिवसापुरते’ म्हणूनही ते उसने घेऊ नयेत. कंगवा स्वतंत्र ठेवला तर उवा एकाच्या डोक्यापुरत्या राहतात. ब्रश एकसारख्या रंगाचे घेण्याची चूक अनेक घरांत होते. प्रत्येकाने वेगळा रंग ठरवून तोच मग, ब्रश आणि साबणाच्या डबीला लावावा.

अंगाच्या साबणाच्या वेष्टनावर ‘टीएफएम’ असा टक्का छापलेला असतो. भारतीय मानकानुसार ७६ टक्के वा अधिक असल्यास साबण पहिल्या प्रतीचा मानतात. असा साबण कमी विरघळतो व अधिक दिवस पुरतो. खाली छिद्रे असलेली डबी घेतली की वडी पाण्यात लिबलिबीत होत नाही.

मैत्रिणींच्या घरात सॅनिटरी पॅडसाठी झाकणाचा लहान, वेगळा डबा न्हाणीघरात ठेवावा. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून, खूण करून, वेगळे द्यावे. शौचालयात टाकल्यास नळ तुंबतो आणि तो मोकळा करण्याचा खर्च भाडेकरूंवरच येतो.

तिघांचा हिशेब

भाव दुकानागणिक बदलतात, म्हणून खालील आकडे ढोबळ आहेत. बादल्या, मग, ब्रश यांसारखी साधने पुण्यात बोहरी आळी वा तुळशीबाग परिसरातून एकाच फेरीत घेतली तर निवडीला वाव राहतो.

एकदाच घ्यावयाची साधने
फुलझाडू : १२० रुपये
खराटा (गॅलरी व मोरीसाठी) : ६० रुपये
सुपली : ५० रुपये
फरशी पुसण्याची दोन फडकी : ६० रुपये
मोठ्या बादल्या दोन : ४०० रुपये
फरशीसाठी लहान बादली : १२० रुपये
मग तीन : १०५ रुपये
शौचालयाचा ब्रश : १०० रुपये
न्हाणीघराचा हातब्रश : ५० रुपये
पाणी ओढण्याचा वायपर : १३० रुपये
कचऱ्याचे दोन डबे (ओला व सुका) : ३०० रुपये
रबरी हातमोजे : ८० रुपये
दोरी व चिमटे : १०० रुपये
एकूण : १,६७५ रुपये

पहिल्या महिन्याचे संपणारे सामान
कपड्यांची पावडर २ किलो : १६० रुपये
धुण्याच्या वड्या : ४० रुपये
धुण्याचा सोडा अर्धा किलो : ४० रुपये
भांड्यांच्या वड्या : ६० रुपये
घासण्या : ४० रुपये
टॉयलेट क्लीनर अर्धा लिटर : १०० रुपये
फिनेल १ लिटर : ९० रुपये
ब्लीचिंग पावडर अर्धा किलो : ४० रुपये
लिंबूसत्व १०० ग्रॅम : ४० रुपये
हात धुण्याचा साबण : ६० रुपये
एकूण : ६७० रुपये

दोन्ही मिळून २,३४५ रुपये, म्हणजे प्रत्येकी सुमारे ७८० रुपये. सोडा, ब्लीच व लिंबूसत्व दोन-तीन महिने पुरत असल्याने दुसऱ्या महिन्याचा खर्च ५५० रुपयांपर्यंत, म्हणजे प्रत्येकी १८५ रुपयांच्या आत येतो. साबण, ब्रश, पेस्ट, तेल, रेझर हा ज्याचा त्याचा खर्च असून तो या वर्गणीत धरू नये.

सर्वाधिक गळती कपड्यांच्या पावडरीत होते. प्रत्येकाने आठवड्यातून तीनदा एक बादली कपडे धुतले, तर महिन्याला तिघांच्या सुमारे ३९ बादल्या होतात. बादलीला ४० ग्रॅम, म्हणजे साधारण तीन मोठे चमचे पावडर धरल्यास दीड किलोहून थोडी अधिक लागते. दोन किलोचे पाकीट तिसऱ्या आठवड्यात संपत असेल, तर पावडर पाकिटातून थेट ओतली जात आहे. डब्यात एक ठरावीक चमचा ठेवला की हा प्रश्न सुटतो.

खरेदी करताना पाकिटावर छापलेला प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर दर पाहावा. मोठे पाकीट नेहमीच स्वस्त असते असे नाही. शाम्पूच्या छोट्या पुड्या काही वेळा बाटलीपेक्षा स्वस्त पडतात. ब्लीचिंग पावडर आणि फडकी मात्र साठवून ठेवण्यासारखी नाहीत. पावडरीचा जोर जातो आणि ओले फडके गुंडाळून ठेवल्यास कुबट वास धरते. म्हणून फरशी पुसून झाल्यावर फडके धुऊन, पिळून, दोरीवर पसरवावे.

काय घेऊ नये, हेही ठरवून टाकावे. काच पुसायला ओल्या वर्तमानपत्राचा बोळा पुरतो. सुगंधी फवाऱ्याने वास झाकला जातो, त्याचे कारण जात नाही. ते कारण बहुधा कचऱ्याच्या डब्यात किंवा मोरीच्या जाळीत अडकलेल्या केसांत असते. आणि ताबा घेण्याच्या दिवशी, पहिली बादली भरण्यापूर्वी, ओटा, नळ, फरशी व शौचालयाच्या भांड्यावर आधीपासून असलेल्या डागांची छायाचित्रे काढून घरमालकांना पाठवून ठेवावीत. त्यासाठी एक पैसा लागत नाही. अकरा महिन्यांनी अनामत रकमेचा हिशेब होताना कडप्प्यावरचा डाग कोणाचा, हा वाद त्या छायाचित्रांवरूनच मिटू शकतो.